बिलाला काय जोडणार?

पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीच्या फाइलमध्ये दोन बिलं शेजारी लावलेली आहेत. दोन्ही जीएसटीची रीतसर बिलं, दोन्हीवर सेवेचा सांकेतिक क्रमांक ९९८३१४, दोन्हीवर १८ टक्के कर. पहिल्यात कामाचं वर्णन एका ओळीत संपतं : ‘तिसरा टप्पा – मागील हंगामाच्या डेटावर पंधरवडा बिलाची चाचणी पूर्ण – कराराच्या ३० टक्के’. रक्कम ३,२४,००० रुपये. दुसऱ्यात तीन ओळी आहेत. वरिष्ठ डेव्हलपरचे ६२ तास, डेव्हलपरचे १४८ तास, टेस्टरचे ४० तास, प्रत्येकापुढे तासाचा दर, आणि तळाशी ‘सोबत : टाइमशीट’. रक्कम २,४८,००० रुपये.

पहिलं बिल फिक्स्ड प्राइसचं, म्हणजे ठरलेल्या एकरकमी किमतीचं. दुसरं टाइम अँड मटेरियलचं, म्हणजे लागलेल्या तासांचं आणि झालेल्या खर्चाचं. ही कंपनी चालवणारी बाई मूळची शिरूर कासारची. सिंदफणेकाठच्या या तालुक्यात दसरा-दिवाळीच्या आसपास गाड्या भरतात आणि माणसं साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. तिचे आईवडीलही कोयता घेऊन जायचे. ती शिकली, पुण्यात नोकरी केली, मग मोजकी माणसं जमवून स्वतःचं काम सुरू केलं. लॉकडाउनमध्ये गावी परतावं लागलं, तेव्हा शिरूरलाही एक खोली घेऊन तालुक्यातली दोन मुलं कामाला लावली. आज तिचं काम या दोन ठिकाणांहून चालतं. तिचे पहिले मोठे ग्राहकही त्याच जगातले निघाले : साखर कारखाने.

शिरूरकडे कामाचे पैसे ठरवायच्या तीन रीती लहान मुलालाही कळतात. गुत्त्यानं, रोजानं आणि टनावर. ऊसतोड टनावर असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले, हे तालुक्यात प्रत्येक घराला माहीत आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यातही याच तीन रीती आहेत. इन्फोसिसच्या वार्षिक अहवालांत उत्पन्नाचे प्रकार सांगताना फिक्स्ड प्राइस आणि टाइम अँड मटेरियलच्या जोडीला ‘युनिट ऑफ वर्क’ असाही प्रकार येतो. मोठी कंपनी तिन्ही रीती एकाच वेळी वापरू शकते, एका करारात बसलेला फटका दुसऱ्यात भरून काढू शकते. पाच माणसांच्या कंपनीचं तसं नसतं. तिथे एका करारात चुकीची रीत निवडली तर पुढच्या महिन्याचे पगार थांबतात.

तिला ते पहिल्याच कारखान्याच्या कामात दिसलं.

काम होतं तोडणी-वाहतुकीच्या हिशेबाचं. शेतातून ऊस निघतो, चिटबॉय स्लिप फाडतो, गाडी काट्यावर येते, भरलेलं आणि रिकामं वजन होतं, टन निघतात. दर पंधरवड्याला त्या टनांवरून तोडणीचं, वाहतुकीचं आणि मुकादमाच्या कमिशनचं बिल तयार होतं. कारखान्याचं जुनं काम एक्सेलवर चालायचं. संचालक मंडळाला एकच आकडा हवा होता, कारण मंजुरी एकाच आकड्याला मिळते. मग तिने हिशेब मांडला : अंदाजे ९०० तास, तासाला १,००० रुपये, म्हणजे ९ लाख. न दिसणाऱ्या कामासाठी वर २० टक्के. किंमत ठरली १०,८०,००० अधिक जीएसटी.

हप्ते चार ठरले. २० टक्के आगाऊ, ३० टक्के रचनेला मंजुरी मिळाल्यावर, ३० टक्के जुन्या डेटावर चाचणी झाल्यावर, २० टक्के ‘सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर’. कराराला कामाची यादी जोडली होती, दोन पानांची. त्यात आठव्या क्रमांकावर एक ओळ होती : ‘कपातींसह पंधरवडा बिल तयार करणे’.

त्या ओळीतल्या ‘कपातींसह’ या शब्दात अर्धं काम दडलेलं होतं. हंगामाआधी मुकादमाला उचल दिलेली असते, ती दर पंधरवड्याला वसूल करायची. पण किती? सगळ्यांना सारखी नाही. काहींची टक्क्याने, काहींची ठरावीक रकमेने, काहींची पहिले दोन पंधरवडे माफ. गेल्या वर्षीची थकबाकी असेल तर ती आधी कापायची की नंतर, हे गट ऑफिसनुसार बदलत होतं. वाहतूकदाराच्या बिलातून डिझेल, अनामत, विम्याचा हप्ता. ट्रक, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि बैलांची टायरगाडी यांचे अंतराचे टप्पे वेगळे. हार्वेस्टरने तोडलेल्या उसाला पालापाचोळ्याची वजावट वेगळी. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते. शेतकी विभागातल्या दोन ज्येष्ठ कारकुनांना ते तोंडपाठ होते, आणि त्या दोघांचंही सगळीकडे एकमत नव्हतं.

प्रत्येक नवा नियम बाहेर आला की शेतकी विभागातून एकच वाक्य यायचं : ‘मॅडम, यात काय एवढं, एक कॉलम तर वाढवायचाय.’ बोलणारा मनापासून बोलत असे. त्याच्या एक्सेलमध्ये तो खरंच एक कॉलम होता. सॉफ्टवेअरमध्ये त्या कॉलमामागे दर बदलल्याची तारीख, जुन्या बिलांवर परिणाम होऊ नये याची काळजी, चुकीची कपात मागे फिरवायची सोय आणि तिची चाचणी एवढं सगळं येतं. ‘कपातींसह’ हा शब्द करारात असल्यामुळे जादा पैसे मागायला जागा नव्हती.

शेवटी तास झाले १,४६०. किंमत तीच राहिली, म्हणून तासाला पडले सुमारे ७४० रुपये. पगार, भाडं, विमा आणि बाकीचा खर्च धरून कंपनीला एक तास साडेसहाशे रुपयांना पडत होता. म्हणजे एकूण खर्च ९,४९,००० आणि कागदावर थोडा नफाच. पण शेवटचा २० टक्क्यांचा हप्ता, २,१६,००० रुपये, ‘सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर’ मिळायचा होता. तोवर हातात आलेले ८,६४,०००. खर्चापेक्षा ८५,००० कमी.

सॉफ्टवेअर सुरू झालं कधी? मोळी पडली त्या दिवशी काट्यावर स्लिपा निघायला लागल्या, तेव्हा? पहिलं पंधरवडा बिल छापलं गेलं तेव्हा? की जुनं एक्सेल बंद झालं तेव्हा? कारखान्याच्या हिशेब विभागाचं म्हणणं होतं की दोन्ही हिशेब समांतर चालू आहेत तोवर ‘सुरू झालं’ म्हणता येणार नाही. तिचं म्हणणं होतं की हंगामातली सगळी बिलं याच सॉफ्टवेअरमधून निघत आहेत. दोघंही करारातल्या त्याच शब्दावर बोट ठेवत होते. हंगाम संपून पट्टा पडला, मगच तो हप्ता आला.

या काळात तिच्या हिशेबतपासनिसाने जी गोष्ट समजावून सांगितली, ती सॉफ्टवेअरच्या बहुतेक माणसांना ठाऊक नसते. बिल कधी काढायचं हे सोयीचं नाही, कायद्याचं काम आहे. साध्या सेवेचं बिल सेवा दिल्यापासून ३० दिवसांत काढावं लागतं. पण करार तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणारा असेल आणि पैसे ठरावीक काळाने द्यायचे असतील, तर ती ‘सततची सेवा’ होते आणि केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ३१(५) लागू होतं. त्यात तीन परिस्थिती आहेत. पैसे देण्याची तारीख करारातून कळत असेल तर त्या तारखेला किंवा तिच्या आधी बिल काढायचं. तारीख कळत नसेल तर पैसे मिळतील तेव्हा किंवा त्याआधी. आणि पैसे एखाद्या टप्प्याच्या पूर्ततेशी जोडलेले असतील, तर तो टप्पा पूर्ण होईल त्या दिवशी किंवा त्याआधी.

फिक्स्ड प्राइसचे बहुतेक करार या तिसऱ्या प्रकारात बसतात. टप्पा पूर्ण झाला कधी हे कागदावरून सिद्ध होत नसेल, तर बिलाची तारीखही सिद्ध होत नाही. लवकर काढलं तर ग्राहक ते परत पाठवतो आणि इकडे जीएसटी मात्र भरावा लागतो, कारण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जातो, ग्राहकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. ३,२४,००० च्या टप्प्यावर तो कर ५८,३२० रुपये होतो. लहान कंपनीत ही रक्कम एका माणसाच्या दीड-दोन महिन्यांच्या पगाराएवढी असते. उशिरा काढलं तर टप्पा आधीच पूर्ण झाला होता, असं करअधिकारी म्हणू शकतो.

आगाऊ रकमेचंही असंच. वस्तूंच्या आगाऊ रकमेवर आता जीएसटी नाही, सेवांच्या आगाऊ रकमेवर आहे. पैसे आले की रिसीट व्हाउचर द्यायचं किंवा सरळ बिल काढायचं, आणि कर भरायचा. म्हणून ती आता ‘२० टक्के आगाऊ’ एवढंच लिहीत नाही. ‘२० टक्के अधिक जीएसटी, बिल मिळाल्यावर’ असं लिहिते. नाहीतर ग्राहक २,१६,००० पाठवतो आणि कर त्यातच धरला आहे असं समजतो.

दुसरं काम अगदी उलट्या टोकाचं होतं. छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखानदाराला त्याच्या जुन्या साठा-व्यवस्थेला जोडणाऱ्या बऱ्याच गोष्टी करून हव्या होत्या. कोणत्या, ते त्यालाही पक्कं माहीत नव्हतं. इथे तिने तासांवर काम घेतलं. वरिष्ठ डेव्हलपर तासाला १,४०० रुपये, डेव्हलपर ९००, टेस्टर ७००. पहिल्या महिन्याचं बिल गेलं आणि तीन दिवसांत प्रश्नांची यादी आली.

त्यातला पहिला प्रश्न न्याय्य होता. टाइमशीटमध्ये एका दिवसापुढे लिहिलं होतं : ‘डेव्हलपमेंट – ८ तास’. दुसऱ्या दिवशीही तेच. पैसे देणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. फिक्स्ड प्राइसमध्ये बिलाला टप्पा पूर्ण झाल्याचं पत्र जोडलं की झालं, माणसाने त्या दिवशी काय केलं याच्याशी ग्राहकाला देणंघेणं नसतं. तासांच्या बिलात टाइमशीट हाच पुरावा असतो. तेव्हापासून तिच्याकडे नोंद अशी होते : ‘एक्सेल आयात – एकच खाते क्रमांक दोनदा आल्यास थांबवणे – साडेतीन तास’. कोणतं काम, त्यातला कोणता भाग, किती वेळ. संध्याकाळी त्याच दिवशी लिहायचं. आठवडाअखेर आठवून लिहिलेली टाइमशीट लगेच ओळखू येते, कारण तिच्यात सगळे आकडे पूर्ण चार किंवा आठ असतात.

दुसरा प्रश्न टोकदार होता. ‘बग दुरुस्ती – ६ तास. चूक तुमच्या माणसाची, मग पैसे मी का द्यायचे?’

यावर धंद्यात दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. तासांचा दर ठरवताना काही चुका होणार हे धरलेलंच असतं, चुकीशिवाय सॉफ्टवेअर लिहिलं जात नाही, असं एक मत. दुसरं असं की, मंजूर झालेल्या कामातला दोष म्हणजे परत करायचं काम, त्याचे पैसे मागू नयेत. तिने मधली रेषा आखली. त्याच महिन्यात काम चालू असताना सापडलेली चूक कामाचाच भाग. ग्राहकाने चाचणी करून स्वीकारल्यानंतर ६० दिवसांत सापडलेला दोष मोफत. पण हे मोफत तास ती बिलातून गाळत नाही. वेगळ्या ओळीत दाखवते : ‘दोष दुरुस्ती – ६ तास – आकारणी शून्य’. ग्राहकाला कळतं की आपल्याकडून काय घेतलं नाही. तिलाही कळतं की कोणत्या कामात दोष जास्त निघतात.

शिरूरच्या खोलीने आणखी एक प्रश्न उभा केला. तिथे लाइट जाते, पावसाळ्यात इंटरनेट तासन्‌तास बंद पडतं. एकरकमी कामात त्या बंद वेळेचा भार कंपनीवर पडतो आणि कुणी विचारत नाही. तासांच्या कामात मुलाने नऊ ते सहा खोलीत बसून काढलेले असले, तरी काम झालं पाच तासांचं. बिलात पाचच लिहायचे, हा तिने पहिल्या दिवसापासून घातलेला दंडक आहे. त्या बंद तासांचा खर्च तासाच्या दरातच धरावा लागतो. महिन्याला माणूस १७६ तास हजर असतो, पण बिलात टाकता येतील असे तास १३० ते १४० भरतात. बैठका, शिकणं, रजा, लाइट यांत बाकीचे जातात. पगाराला १७६ ने भागून दर काढणारी नवी कंपनी म्हणूनच वर्षाअखेर बुचकळ्यात पडते.

प्रवासखर्चाचाही एक बारकावा आहे. संभाजीनगरला जाण्यायेण्याचे ६,२०० रुपये झाले, ते टाइम अँड मटेरियलच्या बिलात वेगळे लावता येतात. पण त्यावरही १८ टक्के जीएसटी लावावा लागतो. गाडीभाडं आणि हॉटेल हे कंपनीने स्वतःची सेवा देण्यासाठी केलेले खर्च, म्हणून ते सेवेच्या मूल्यातच धरले जातात. ग्राहकाच्या वतीने, त्याच्या नावावर, त्याच्या परवानगीने केलेला खर्च तेवढा बाहेर ठेवता येतो. उदाहरणार्थ ग्राहकाच्या नावे घेतलेलं डोमेन. एकरकमी करारात मात्र प्रवास किमतीत धरलेला असतो. शेवटच्या महिन्यात ग्राहकाने चार वेळा बोलावलं तर चारही खेपा घरच्या.

बिल गेल्यावर ग्राहकाने काही तास नाकारले, तर काढलेलं बिल फाडता येत नाही. क्रेडिट नोट काढावी लागते, तिची नोंद दोघांच्या विवरणपत्रांत जुळावी लागते. हे एकदा झालं की माणूस क्रम बदलतो. तिच्याकडे आता महिना संपल्यावर दुसऱ्या तारखेला टाइमशीट आणि प्रोफॉर्मा जातं. ग्राहकाचा नेमलेला माणूस पाच तारखेपर्यंत मंजुरी कळवतो. मगच कराचं बिल निघतं. २,४८,००० वर ४४,६४० जीएसटी, एकूण २,९२,६४०. त्यातून ग्राहक तांत्रिक सेवेसाठीचा २ टक्के टीडीएस मूळ रकमेवर कापतो, म्हणजे ४,९६०, आणि खात्यात २,८७,६८० येतात. जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर त्या भागावर टीडीएस कापायचा नसतो. बिलात एकच बेरीज लिहिणाऱ्यांचे पैसे इथे विनाकारण अडकतात.

तासांच्या बिलात ग्राहकाची भीतीही खरी असते. त्याला शेवटचा आकडा माहीत नसतो. हळू काम करणाऱ्याला जास्त पैसे मिळतात, हा त्याचा संशय निराधार म्हणता येणार नाही. यावर ती प्रत्येक कामाला कमाल मर्यादा लिहून देते. मर्यादेचे ७५ टक्के तास संपले की लेखी कळवायचं, आणि उरलेलं काम उरलेल्या तासांत बसतं का, ते सांगायचं. बसत नसेल तर ग्राहकाने ठरवायचं की काय गाळायचं. दर सोमवारी एक पान जातं : गेल्या आठवड्यात काय झालं, किती तास गेले, किती शिल्लक.

पण ते पान वाचणारा कुणीतरी ग्राहकाकडे हवा. हा अनुभव तिला तिसऱ्या एका संस्थेत आला. तिथे सोमवारची पानं कुणी उघडतच नव्हतं. तीन महिन्यांनी वरच्या अधिकाऱ्याने सगळी बिलं एकत्र पाहिली आणि हादरला. काम ठीक होतं, तास खरे होते, मर्यादाही ओलांडलेली नव्हती. तरी विश्वास गेला. त्या संस्थेला एकरकमी किंमतच सोसली असती. संस्थेकडे दर आठवड्याला निर्णय घेणारा माणूस नव्हता, आणि तासांवरचं काम अशा माणसाशिवाय नीट चालत नाही.

सरकारी कामात निवड फारशी हातात नसते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सल्लागार व इतर सेवांच्या खरेदी नियमपुस्तिकेत एकरकमी आणि वेळेवर आधारित असे दोन्ही करार दिलेले आहेत. कामाची व्याप्ती नेमकी ठरलेली असेल तिथे पहिला, व्याप्ती किंवा कालावधी ठरवणं अवघड असेल तिथे दुसरा. प्रत्यक्षात निविदेत बहुधा एकरकमीच येतो, कारण लेखापरीक्षणात तो समजावून सांगायला सोपा असतो. अशा निविदेत तिची सगळी मेहनत एका गोष्टीवर असते : प्रत्येक टप्प्यापुढे ‘पूर्ण म्हणजे काय’ हे निविदापूर्व बैठकीत लेखी विचारून घेणं.

पहिल्या कारखान्याच्या कामाचा हिशेब तिने एकदा वडिलांपुढे मांडला होता. वडिलांनी उमेदीत उन्हाळ्यात विहिरींची कामंही केलेली. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, ‘खडक लागल्यावर काय, ते ठरवलं होतं का?’ विहिरीचं गुत्तं घेताना मुरमाचा दर वेगळा आणि खडकाचा वेगळा बोलतात. खाली काय आहे ते दोघांनाही दिसत नसतं, म्हणून दर आधीच दोन ठरतात. सॉफ्टवेअरच्या करारात हे क्वचितच दिसतं. सगळ्या खोलीला एकच किंमत लावली जाते.

दुसऱ्या कारखान्याचं तसंच काम आलं, तेव्हा तिने करार तीन तुकड्यांत मांडला.

पहिला तुकडा फक्त समजून घेण्याचा, तासांवर, कमाल ८० तास. मागच्या हंगामाच्या पंधरवडा बिलांतली वेगवेगळ्या प्रकारची शंभर बिलं घ्यायची, कारकुनांसोबत बसायचं आणि प्रत्येक कपात हाताने पुन्हा काढून दाखवायची. आकडा जुळला नाही तिथे नियम समजलेला नाही. या तुकड्याच्या बिलाला टाइमशीटसोबत नियमांची वही जोडायची, शेतकी अधिकारी आणि मुख्य लेखापाल दोघांच्या सह्यांसह. ग्राहकाने पुढचं काम दुसऱ्याला दिलं तरी वही त्याचीच.

दुसरा तुकडा एकरकमी. शेतकऱ्यांची आणि वाहनांची नोंद, स्लिप, काट्याशी जोडणी, टनांचे अहवाल. यांत लपलेलं फार काही नसतं, त्यामुळे किंमत आधी सांगता येते आणि ग्राहकालाही निर्धास्त वाटतं. टप्पेही असे, जे बाहेरच्या माणसालाही तपासता येतील : ‘काट्यावरच्या सलग ५०० खेपांचं वजन हस्तलिखित नोंदीशी जुळलं’. ‘सुरू झाल्यावर’ हा शब्द तिच्या करारांतून गेला तो कायमचा. त्या जागी आलं : टप्पा सोपवल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं मानलं जाईल. हे १५ दिवस मनाने घेतलेले नाहीत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात सेवा स्वीकारल्याचा दिवस ठरवताना हीच १५ दिवसांची लेखी हरकतीची मुदत आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या कंपनीला लेखी करारातही जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४ पासून आयकरातही असा नियम आहे की, मुदतीत पैसे दिले नाहीत आणि वर्षअखेरीलाही ते थकलेलेच राहिले, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. त्यामुळे हिशेब विभाग आता उद्यम नोंदणी क्रमांक असलेलं बिल जरा लवकर हातात घेतो.

तिसरा तुकडा कपातींचा. तो तासांवर, मर्यादेसह. वहीतला नियम बदलला किंवा नवा आला की एका पानाचं बदलपत्र : काय बदललं, अंदाजे किती तास, कुणी मंजूर केलं. काम त्यानंतर. एक कॉलम वाढवायचाय म्हणणारा माणूसच आता त्या पत्रावर सही करतो, आणि सही करताना बहुतेकदा विचारतो की हे खरंच लागणार आहे का. कितीतरी कॉलम तिथेच गळाले.

देखभालीसाठी कारखान्याने टनावर पैसे द्यायची तयारी दाखवली होती. गाळप होईल तेवढ्या टनांवर काही पैसे. तिने ते नाकारलं. बीड-नगर पट्ट्यात पाऊस हुकला की ऊस कमी होतो, हंगाम लवकर आटोपतो, आणि कमी टनांच्या वर्षी सॉफ्टवेअर सांभाळायला लागणारी माणसं मात्र तेवढीच असतात. पावसाचा तो भार तोडणी कामगार वर्षानुवर्षं झेलत आले आहेत, तो आपल्या पाच माणसांवर घ्यायचा नाही, असं तिने ठरवलं. देखभाल वार्षिक ठरावीक रकमेवर झाली, तिमाहीच्या पहिल्या तारखेला बिल. तारीख करारातच असल्यामुळे बिल कधी काढायचं हा प्रश्न उरला नाही.

या दुसऱ्या कामात एकूण तास पहिल्यापेक्षा फार कमी लागले असं नाही. कपातींचा गुंता तिथेही तेवढाच होता. फरक एवढाच की प्रत्येक जादा तासामागे कुणाचीतरी सही होती, आणि एकही बिल परत आलं नाही.

तालुक्यातून शिकून या धंद्यात उतरणारी मुलं आता तिला विचारायला येतात, किंमत कशी सांगायची. ती त्यांना दर सांगत नाही. कोटेशन पाठवण्याआधी त्या कामाचं शेवटचं बिल लिहून बघा, म्हणते. त्याला कोणता कागद जोडणार ते ठरवा. सहीचं स्वीकृतीपत्र मिळेल असा नेमका टप्पा लिहिता येत असेल तर एकरकमी किंमत सांगा. तो लिहिता येत नसेल आणि ग्राहकाकडे टाइमशीट वाचणारा माणूस असेल, तर तासांवर काम घ्या. दोन्ही नसेल, तर आधी ८० तासांचं समजून घेण्याचं काम मागा, आणि तेही कुणी द्यायला तयार नसेल तर ते काम सोडून द्या.